एकेक बिल की दहाचा गठ्ठा? हळदीच्या सीझनमधला हिशोब

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ व्यापाऱ्यांची खाती लिहिणारं आमचं दोन माणसांचं ऑफिस आहे. हळदीची आवक वाढली की टेबलावर बिलांचा ढीग पडतो, आणि नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला: एक बिल हातात घेऊन शेवटपर्यंत न्यायचं, की सगळी आधी तपासायची, मग सगळी टॅलीत मारायची, मग सगळी स्कॅन करायची?

आधी वेळ बघू. खरेदीचं बिल तपासायला एक मिनिट, एन्ट्रीला दोन, स्कॅन करून फाइलला लावायला एक, असं धरा. शिवाय एका कामावरून दुसऱ्यावर जाताना उठणं, स्क्रीन बदलणं, 'कुठं होतो मी?' हे आठवणं यात वीसेक सेकंद जातात. एकेक बिल पूर्ण केलं तर हा बदल प्रत्येक बिलाला तीनदा होतो, म्हणजे बिलामागे पाच मिनिटं. चाळीस बिलांना 200 मिनिटं. चाळीसचा एकच गठ्ठा केला तर बदल अख्ख्या कामात तीनदाच, म्हणून 161 मिनिटं. एकोणचाळीस मिनिटं वाचली, विषय संपला असं वाटतं.

पण दहा-दहाचे चार गठ्ठे करून बघा. 164 मिनिटं होतात. म्हणजे दहावरून चाळीसवर गेल्यानं हाती लागली फक्त तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांसाठी मोजावं काय लागतं? चाळीसच्या गठ्ठ्यात पहिलं बिल पूर्ण व्हायला दोन तास लागतात, दहाच्या गठ्ठ्यात बत्तीस मिनिटं. मधेच लाईट गेली किंवा शेठ येऊन बसले, तर चाळीस अर्धवट बिलं टेबलावर राहतात.

आता चुका. दोन्ही पद्धतींत त्या होतात, पण जात वेगळी.

एकेक करताना चूक होते ती मधे खंड पडल्यामुळे. एकदा एन्ट्री झाली, फोन वाजला, बिल फाइलला न लागता 'करायच्या' ढिगात परत गेलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एन्ट्री झाली. अशी चूक एकटीच कुठंतरी लपलेली असते. 14 तारखेला पोर्टलवर GSTR-2B, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांची यादी, आल्यावर खरेदीचा ताळा जमेना, आणि ते एक दुबार बिल शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.

गठ्ठ्यातली चूक पुढच्या बिलाला चिकटते. टॅलीत व्हाउचर सेव्ह केल्यावर आधीचीच तारीख राहते, F2 दाबून बदलली नाही तर पुढची सगळी त्याच तारखेला पडतात. त्याहून वाईट म्हणजे Alt+2 ची नक्कल. बारदानाची बिलं मारताना पहिलं कोल्हापूरचं होतं, म्हणजे राज्यातलंच, CGST आणि SGST वालं. त्यावरून नकला काढत गेलो आणि बेळगावच्या पार्टीची अकरा बिलंही त्याच करात गेली. तिच्या जीएसटी नंबरची सुरुवात 29 नं होती, म्हणजे कर्नाटक, तिथं परराज्याच्या खरेदीचा IGST हवा होता. चूक अकरापट झाली खरी, पण एकसारखी होती. 2B मध्ये त्या पार्टीपुढे IGST दिसला, आमच्याकडे शून्य. अर्ध्या तासात सगळी दुरुस्त झाली.

तेव्हापासून गठ्ठा तारखेनं लावत नाही, जीएसटी नंबरच्या पहिल्या दोन आकड्यांनी लावतो: 27 ची वेगळी, 29 ची वेगळी. क्रेडिट नोट, पुसट नंबराचं बिल, ट्रकच्या भाड्याची पावती ही मंडळी गठ्ठ्यात घ्यायचीच नाहीत. ती बाजूला ठेवून शेवटी एकेक करायची, कारण विचार करायला लावणारं एक बिल मागच्या नवांची लय मोडतं. आणि प्रत्येक गठ्ठ्याचं पहिलं व्हाउचर दुसऱ्यानं बघायचं. नक्कल त्यावरूनच निघणार असते ना!

तुमच्याकडे एकसारखी बिलं दिवसाला पाच-सहाच येत असतील तर गठ्ठ्याच्या भानगडीत पडू नका. ती साठेपर्यंत थांबण्यातच दिवस जातील, आणि 20 तारीख, म्हणजे 3B रिटर्न भरायची मुदत, काही थांबत नाही.

ई-वे बिलाला मात्र गठ्ठा नकोच, सीझन कितीही असो. "मॅडम, गाडी गेटवर हाय," असा फोन आला की तेवढंच एक काढायचं. एकदा तीन गाड्यांची एकदम काढायला गेले. माल, पार्टी, रक्कम सगळं बरोबर, पण MH-10 चे दोन नंबर एकमेकांच्या बिलावर बसले. ड्रायव्हरनं गेटवरच कागद वाचला म्हणून कळलं, आणि पार्ट बी मध्ये नंबर बदलून गाड्या सुटल्या. हीच चूक रस्त्यातल्या तपासणीत उघड झाली असती तर शेठनं आमचं तोंडसुद्धा बघितलं नसतं.