ऑक्सिडाइज्ड चांदीचे झुमके आणि जर्मन सिल्व्हरचा चोकर: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

हे दोन्ही दागिने मी एकाच वेळी घेतले आणि पावसाळ्यापासून ऑफिसला आलटून पालटून घातले. दुकानात दोन्ही सारखेच काळपट, जुन्या घडणीचे दिसत होते. आता त्यांच्यात चांगलाच फरक पडलाय.

झुमक्यांवर 925 चा शिक्का आहे, म्हणजे 92.5 टक्के चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं. ऑक्सिडाइज्ड म्हणत असले तरी वरचा काळा थर ऑक्साइडचा नसतो, चांदी आणि गंधकाच्या संयोगाचा असतो. कारागीर पोटॅशियम सल्फाइडच्या कोमट पाण्यात दागिना बुडवतात. तो आधी सोनेरी, मग तपकिरी, निळसर आणि शेवटी काळा होतो. मग उंचवट्यांवरचा काळा घासून काढतात. खाचांमधला राहतो, त्यामुळे नक्षी उठून दिसते.

वापरात हा काळा कडांवरून हळूहळू उडाला, पण आतून पांढरी चांदीच दिसली. खरेपणा ओळखायची हीच माझी आवडती खूण आहे. झिजलेल्या जागी पिवळं किंवा तांबूस दिसलं, तर आत पितळ किंवा तांबं असून वर नुसता मुलामा आहे. लोहचुंबकाचा इथे उपयोग नाही, कारण चांदी आणि जर्मन सिल्व्हर दोन्ही त्याला चिकटत नाहीत.

साधे पैंजण आम्ही ॲल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खायचा सोडा घेऊन उजळवतो. झुमक्यांना ही युक्ती कटाक्षाने टाळली. तिच्यात गंधकाचा थरच निघतो, म्हणजे मुद्दाम केलेलं काम पुसलं जातं. सिल्व्हर डिपचंही तेच. मी घाम मऊ कापडाने टिपते आणि झिपच्या पिशवीत ठेवते, एवढंच. काळा फारच गेला, तर सोनार पुन्हा चढवून देतो.

चोकरमध्ये चांदी अजिबात नाही. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. साधारण 60, 20, 20 असं प्रमाण नेहमीचं. निकेलमुळे त्याला पांढरा रंग येतो. कडक असल्याने चोकर अजून वाकलेला नाही, हे मात्र मान्य. पण घाम लागतो तिथे तो पिवळट झाला आणि सांध्यांत तांब्याचा हिरवट थर साचला. साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने तो निघतो. नंतर पूर्ण कोरडा करावा लागतो.

खरी अडचण निकेलची. घामात ते थोडं थोडं विरघळतं आणि ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांना एक-दोन दिवसांनी खाज, लाल पुरळ येतं. माझ्या मानेला काही झालं नाही. बहिणीला मात्र त्याच चोकरने पुरळ आलं. ही ॲलर्जी एकदा झाली की सहसा जात नाही. आतून पारदर्शक नेलपॉलिश लावतात, पण ते उडत असल्याने पुन्हा पुन्हा लावावं लागतं.

म्हणून गळ्यातलं जर्मन सिल्व्हर अंगाला सोसत असेल तर जरूर घ्या, त्या किमतीत भरगच्च नक्षी मिळते. कानातलं आवडलं, तर आकडे चांदीचे बसवून घ्या.