सकाळचा आढावा: जुनी यादी तपासावी की कोऱ्या पानावर नव्याने लिहावी?

दिवसाच्या सुरुवातीला कामांच्या यादीवरून नजर फिरवून आज खरोखर काय बाकी आहे हे ठरवण्याच्या दोन पद्धती प्रामुख्याने वापरल्या जातात. पहिल्या पद्धतीत कालपर्यंतची यादी वरून खाली वाचत प्रत्येक नोंदीचा निकाल लावला जातो. दुसऱ्या पद्धतीत जुनी यादी बाजूला ठेवून, आज करायची कामे कोऱ्या पानावर आठवणीने लिहिली जातात आणि त्यानंतरच जुन्या यादीकडे पाहिले जाते. दोन्हींना दहा मिनिटांच्या आसपास वेळ पुरतो. फरक पडतो तो कोणत्या प्रकारच्या चुका हाती लागतात आणि कोणत्या निसटतात यात.

तुलनेपूर्वी ‘प्रलंबित’ कशाला म्हणायचे हे पक्के करावे लागते, कारण बहुतेक याद्या तेथेच बिघडतात. ज्या कामातील पुढची हालचाल आपल्याच हातात आहे आणि ती आज करता येण्यासारखी आहे, तेवढेच काम आज प्रलंबित मानावे. दुसऱ्याच्या उत्तरासाठी अडलेले, पुढच्या तारखेशिवाय सुरूच न होणारे, मुदत टळून निरर्थक झालेले किंवा होऊन गेलेले पण खूण करायची राहिलेले काम यादीत दिसत असले तरी या व्याख्येत बसत नाही.

एक नमुना यादी घेऊ. महिन्याची 9 तारीख आहे आणि एका नोकरदार व्यक्तीच्या यादीत दहा नोंदी उरल्या आहेत: वीजबिल भरणे, मसुद्यावर लेखापालांचा अभिप्राय घेणे, दातांच्या डॉक्टरांची वेळ ठरवणे, 28 तारखेला संपणाऱ्या वाहन विम्याचे नूतनीकरण, वार्षिक अहवाल, कार्यशाळेची नोंदणी, प्रवासखर्चाची बिले जमा करणे, खुर्चीची दुरुस्ती, भावाला कागदपत्रे पाठवणे आणि घरमालकांशी कराराबद्दल बोलणे.

पहिल्या पद्धतीने जाताना नियम असा, की कोणतीही नोंद स्मरणावर सोडायची नाही, पुरावा पाहायचा. बँकेच्या खात्यात वीजबिलाची रक्कम आपोआप वळती झालेली दिसते आणि पाठवलेल्या मेलमध्ये भावाची कागदपत्रे सापडतात, म्हणून या दोन्ही नोंदींवर खूण होते. लेखापालांना मसुदा सोमवारीच गेला आहे, त्यामुळे ती नोंद ‘उत्तराची वाट’ या वेगळ्या भागात जाते आणि तिच्यापुढे पाठपुराव्याची तारीख पडते. ही तारीख नसेल, तर तो भाग म्हणजे विसरण्याची अधिकृत जागा ठरतो. विमा आणि घरमालक (ते 12 तारखेला परतणार आहेत) या नोंदींना सुरुवातीची तारीख देऊन त्या नजरेआड केल्या जातात. कार्यशाळेच्या नोंदणीची मुदत गेली आहे, म्हणून ती नोंद खोडली जाते. ‘वार्षिक अहवाल’ हे एक काम नसून अनेक कामांचा गठ्ठा आहे, म्हणून त्याच्या जागी ‘मागील तिमाहीचे आकडे एका तक्त्यात आणणे’ असे लिहिले जाते. खुर्चीबद्दल पुढे बोलू. डॉक्टरांची वेळ, तिमाहीचे आकडे आणि प्रवासखर्चाची बिले, ज्यांची मुदत उद्या संपते, अशी खुर्ची वगळता तीनच कामे खऱ्या अर्थाने उरतात.

आता तीच व्यक्ती दुसऱ्या पद्धतीने बसली, तर कोऱ्या पानावर बहुधा अहवाल, वीजबिल, डॉक्टर आणि घरमालक ही कामे उतरतील, आणि शिवाय एक पाचवेही उतरेल. काल संध्याकाळी निघता निघता वरिष्ठांनी तोंडी मागितलेली एका बैठकीची माहिती, जी यादीत कधी लिहिलीच गेली नव्हती. या पद्धतीचे बळ येथेच आहे, कारण जुनी यादी कितीही काळजीपूर्वक वाचली तरी तिच्यात नसलेले काम ती दाखवू शकत नाही. उलट प्रवासखर्चाची बिले या पानावर आली नाहीत आणि वीजबिल मात्र भरलेले असूनही आले. स्मरणशक्ती जे मनाला टोचते ते आधी वर आणते. मुदतीशी तिचा फारसा संबंध नसतो. क्षुल्लक पण तारखेला बांधलेले काम, जे आपल्याला मुळात आवडत नाही, ते आठवणीतून पहिल्यांदा गळते.

म्हणून ज्यांच्या यादीत मुदती, देणी आणि इतरांना दिलेले शब्द अधिक असतात, त्यांनी पहिलीच पद्धत रोजची ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्या आधी दोन मिनिटे कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहून घेतले, तर तोंडी आलेली कामेही सापडतात आणि वेळेत फारशी भर पडत नाही. दुसरी पद्धत मुख्य म्हणून निवडणे त्यांना सोयीचे, ज्यांची यादी इतकी फुगली आहे की दहा मिनिटांत ती वाचूनही होत नाही. अशा यादीत नोंदींचा निकाल लावण्याऐवजी माणूस त्या नुसत्या चाळतो, आणि चाळणे म्हणजे आढावा नव्हे. मात्र तेव्हाही जुन्या यादीतील तारीख असलेल्या नोंदी तरी त्याच सकाळी पाहाव्यात. उरलेली यादी आठवड्यातून एकदा निवांतपणे वाचली तरी चालते.

दोन्ही पद्धतींना बिघडवणारी एक सवय ॲप वापरणाऱ्यांमध्ये विशेष आढळते. मनातील इच्छा अंतिम तारखेच्या रकान्यात लिहिली जाते. ‘गुरुवारपर्यंत झाले तर बरे’ असे वाटलेल्या कामाला गुरुवारची मुदत दिली, की शुक्रवारी ते लाल अक्षरांत दिसते, आपण ते सोमवारवर ढकलतो आणि काही आठवड्यांत लाल रंगाला अर्थच उरत नाही. ज्या तारखेनंतर काही प्रत्यक्ष बिघडते, म्हणजे दंड लागतो, संधी जाते किंवा कोणाचे काम अडते, तेवढीच तारीख मुदत म्हणून लिहावी. बाकी कामांना हवी तर सुरुवातीची तारीख द्यावी. अनेक ॲपमध्ये तिच्यासाठी स्वतंत्र रकाना असतो. नसेल तर नोंदीच्या सुरुवातीलाच ती तारीख टंकावी. आढावा वाया जात आहे हे ओळखण्याची खूण सोपी आहे: सकाळी यादी हाताळून झाल्यावर नोंदींच्या फक्त तारखा बदललेल्या असतील आणि एकाही नोंदीचे शब्द बदलले नसतील, तर निर्णय झालेला नाही.

आता खुर्ची. ती व्याख्येत बसते, कारण पुढची हालचाल आपल्या हातात आहे आणि आज करताही येते. तरीही ती आठवड्यामागून आठवडे पुढे सरकत आहे. अशी नोंद जुन्या यादीच्या पद्धतीत सर्वात जास्त टिकते, कारण ती वाचून पुढे जायला एक क्षणही लागत नाही. कोऱ्या पानावर ती आपोआप गळते, आणि या एका बाबतीत गळणे हेच बहुधा बरोबर उत्तर असते. जुनी यादी वापरणाऱ्याने सलग पाच सकाळी न हललेल्या नोंदीसमोर तीनच पर्याय ठेवावेत: आज ठरावीक वेळ नेमून ते काम करणे, दुसऱ्या कोणाला सोपवणे किंवा खोडून टाकणे. खुर्चीच्या बाबतीत दुरुस्ती करणाऱ्याला फोन करायला चार मिनिटे लागतात, म्हणून येथे पहिला पर्याय रास्त ठरतो आणि नोंदीचे शब्दही ‘खुर्चीची दुरुस्ती’वरून ‘अकरा वाजता सुताराला फोन’ असे बदलतात.