हिरवी बाटली, तपकिरी बाटली की कॅन: ताजी बिअर कशी ओळखायची?

मे महिना, बिअर शॉपी, आणि समोर तीन साध्या लागर. हिरवी बाटली महिनाभरापूर्वी भरलेली, काचेच्या दाराच्या फ्रिजमध्ये अगदी दिव्याखाली. तपकिरी बाटली तीन महिन्यांची, बाहेर रचलेल्या खोक्यात. कॅन चार महिन्यांचा, पण आल्यापासून फ्रिजमध्येच. नुसती तारीख पाहिली तर हिरवी जिंकते. मी मात्र कॅन उचलेन.

हिरवीचं दुखणं उजेडाचं. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्समधले घटक निळ्या आणि अतिनील प्रकाशात तुटतात आणि त्यातून गंधकाचा एक उग्र दर्प तयार होतो, जळक्या रबराच्या जवळचा. उन्हात हे काही मिनिटांत होतं, फ्रिजच्या दिव्याखाली जास्त वेळ लागतो. एलईडीतही निळा प्रकाश असतोच. तपकिरी काच तो बराचसा अडवते, हिरवी फार थोडा, पारदर्शक जवळजवळ नाहीच. काही कंपन्या पारदर्शक बाटलीसाठी उजेडात न बिघडणारा हॉप्सचा अर्क वापरतात, पण लेबलवरून ते कळणं कठीण. हिरवीच हवी असेल तर बंद खोक्यातली मागा, नाहीतर ‘मागच्या रांगेतली द्या’ म्हणा.

तपकिरीला उजेडाची फारशी भीती नाही, तिला उकाडा मारतो. भरताना आत राहिलेला किंचित प्राणवायू आपलं काम करत असतो आणि ढोबळ हिशेबाने तापमान दहा अंशांनी वाढलं की शिळं होण्याचा वेग दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे पस्तीस अंशांतले तीन महिने हे पाच अंशांतल्या दोन वर्षांसारखे! लेबलवर ‘सहा महिन्यांच्या आत’ छापलंय म्हणून ती ताजी ठरत नाही. अशी बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, हॉप्सचा वास दबतो आणि मधासारखा गोडसरपणा वर येतो.

कॅनमध्ये उजेड शिरतच नाही. उकाड्यापासून मात्र तोही वाचवत नाही, त्यामुळे बाहेरच्या ढिगातला चार महिन्यांचा कॅन मी घेणार नाही. तारीख बहुधा बुडाशी असते, बाटलीची लेबलवर किंवा मानेजवळ. आयात मालावर बऱ्याचदा फक्त मुदत संपण्याची तारीख असते, भरल्याची नाही. आणि थंड बिअर एकदा कोमट झाली की बाद, हे काही खरं नाही. ती किती दिवस उकाड्यात होती ते महत्त्वाचं.

दुकानात करता येण्यासारखी एक तपासणी आहे. बाटली हलकेच उलटी करून उजेडासमोर धरा. गाळलेल्या लागरमध्ये पांढरे कण तरंगताना दिसले तर परत ठेवा. व्हीट बिअरला हा नियम लावू नका, ती मुळातच गढूळ असते.