मायनस आठचा चष्मा: पातळ काचेपेक्षा लहान फ्रेम कामी आली (आठ महिन्यांनंतर)

माझा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस आठ. मागच्या वेळी हौसेने सगळ्यात पातळ म्हणून १.७४ इंडेक्सच्या काचा घेतल्या, त्याही ऐटबाज मोठ्या फ्रेममध्ये. तरी कानाकडची कड पावणेसात मिलिमीटर! या वेळी १.६७ घेतल्या, म्हणजे कागदावर जाडच, आणि कड भरली साडेपाच-पावणेसहा.

गोम फ्रेममध्ये होती. जुन्या फ्रेमच्या काडीवर आतून ५४-१८ लिहिलंय: काचेची रुंदी ५४, नाकावरचा पूल १८. बेरीज ७२, निम्मे ३६. माझ्या दोन बाहुल्यांमधलं अंतर ६२, निम्मे ३१. म्हणजे काचेचा मध्य प्रत्येक बाजूला ५ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागला आणि मध्यापासून बाहेरची कड ३२ वर गेली. नवी फ्रेम ४८-२०, तिथे हेच अंतर २७. मायनस काच मध्यापासून जितकी लांब जाते, तितकी तिची जाडी अंतराच्या वर्गाने वाढते. त्यामुळे हे पाच मिलिमीटर इंडेक्सला भारी पडले. फ्रेम तीच ठेवून १.६७ ऐवजी १.७४ घेतली असती, तर जेमतेम अर्धा मिलिमीटर वाचला असता.

हाय इंडेक्सची एक खोड मात्र दोन्ही चष्म्यांत आहे. मान न वळवता नुसते डोळे फिरवून कडेने ट्यूबलाइट पाहिली की तिच्या एका बाजूला निळसर, दुसरीकडे पिवळट रेघ दिसते. हा काचेच्या मटेरियलचा गुण, नंबर चुकलेला नसतो. दोनेक आठवड्यांत मान आपोआप वळायला लागते. पॉलीकार्बोनेट फुटत नाही म्हणून कोणी सुचवेल, पण रंगांच्या बाबतीत ते १.६७ पेक्षाही थोडं खालीच.

अँटी-ग्लेअरवर काटकसर करू नका. साध्या काचेचा एक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो, १.६७ चा ६ टक्क्यांहून जास्त. कोटिंग नसेल तर समोरच्याला तुमच्या डोळ्यांऐवजी खिडकीच दिसेल. जुन्या चष्म्याचं कोटिंग मीच घालवलं: उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलो आणि काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडल्या. त्या पुसून जात नाहीत. आता आधी साध्या पाण्याखाली धूळ घालवतो, मगच कापड.

फोटोक्रोमिकबाबत थोडा हिरमोड झाला. काचा अतिनील किरणांनी गडद होतात आणि गाडीची पुढची काच तेच अडवते, त्यामुळे गाडी चालवताना उपयोग जवळपास शून्य. भर उन्हाळ्यात थंडीइतक्या गडद होत नाहीत, घरात आल्यावर पूर्ण निवळायला काही मिनिटं घेतात. घ्यायच्याच असतील तर रंग काचेच्या अंगात आहे की वरच्या थरात, ते विचारा. अंगात असेल तर आपल्या नंबरला जाड कडा मध्यापेक्षा जास्त काळ्या दिसतात. माझ्या थरातल्या आहेत, रंग सगळीकडे सारखा येतो. तरी पुढच्या वेळी गाडीसाठी नंबरचा वेगळा गॉगलच करून घेणार.