गोठ्याच्या हिशेबाचं अ‍ॅप, काही महिन्यांच्या वापरानंतर: भाकड गाय हिशेबात धरतच नाही

वर्षाचं शुल्क संपलं आणि त्याच दिवशी मागच्या सगळ्या नोंदी बंद झाल्या. दूध, खुराक, रेतनाच्या तारखा यातलं काहीच दिसेना. ग्राहक सेवेला फोन केला तर उत्तर मिळालं, जुन्या नोंदी फाईलमध्ये काढून घ्यायची सोय वरच्या प्लॅनमध्ये आहे. आपणच भरलेल्या आकड्यांसाठी दुसऱ्यांदा पैसे मोजायचे, हे मला पटत नाही. अ‍ॅप घेणाऱ्याने पैसे भरण्याआधी नोंदी बाहेर काढता येतात का, एवढं नक्की तपासावं.

पण माझा मोठा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. हे अ‍ॅप 'लिटरमागे खर्च' दाखवतं आणि तो आकडा चुकीचा असतो. दुधात असलेल्या गाईंचाच चारा, खुराक आणि औषधं धरून तो खर्च ते त्यांच्या दुधाने भागतं. भाकड गाय, घरची मजुरी आणि गाय-गोठ्याचा घसारा त्यात येतच नाही. घरच्या रानातला चारा फुकट धरायचा पर्यायही दिलेला आहे, आणि नवखा माणूस तोच निवडतो. तो कडबा बाजारात नेला असता तर जो भाव मिळाला असता, तोच त्याचा खर्च धरायला हवा.

चार संकरित गाईंचा गोठा घेऊ. भाव आपापल्या गावचे घाला, रीत हीच राहील. दोन वेतांमधलं अंतर 14 महिने आणि त्यातले साडेदहा महिने गाय दुधात, म्हणजे सरासरी तीन गाई दुधात आणि एक भाकड. दुधातल्या गाईची सरासरी 15 लिटर धरली तर रोज 45 लिटर दूध होतं. घरी ठेवलेलं आणि वासराला पाजलेलं दूधही यात आहे, कारण त्यासाठीही खुराक लागलेलाच असतो. ते संस्थेच्या दरानेच जमेला लिहायचं.

आधी ठाम खर्च, म्हणजे गाय दूध देवो न देवो, होणारा खर्च बघू. गाईला रोज 25 किलो हिरवा चारा 3 रुपयांनी आणि 5 किलो कडबा 8 रुपयांनी, म्हणजे 115 रुपये. चार गाईंचे महिन्याला 13,800. अंग धरून ठेवण्यासाठी प्रत्येकीला दीड किलो खुराक 30 रुपये किलोने, महिन्याला 5,400. घरच्या माणसांचे रोज पाच तास, तासाला 50 रुपये धरून 7,500. औषध, रेतन, वीज, विमा मिळून 2,000. घसाऱ्याचे 5,000: गाय 80,000 ला घेतली आणि पाच वर्षांनी 20,000 ला गेली, तर चार गाईंचे महिन्याला 4,000 होतात, आणि गोठा व यंत्र 1,20,000 चं दहा वर्षांत वसूल धरलं तर आणखी 1,000. एकूण 33,700. त्यातून शेणखताचे 2,200 वजा केले की 31,500 उरतात.

दुधाबरोबर वाढणारा खर्च मुख्यतः खुराकाचा. लिटरमागे 400 ग्रॅम, म्हणजे 12 रुपये. फॅट-एसएनएफच्या कपातीनंतर हातात खरोखर येणारा दर 33 धरला तर लिटरमागे 21 रुपये उरतात, आणि ते 31,500 ला पुरले पाहिजेत. भागाकार केला की महिन्याला 1,500 लिटर, रोज 50 लिटर. एवढ्या दुधाला खर्च निघतो, पण नफा शून्य असतो. शीटमध्ये B1 ला हातात येणारा दर, B2 ला लिटरमागच्या खुराकाचे रुपये आणि B3 ला शेणखत वजा जाता महिन्याचा ठाम खर्च भरा:

```
=B3/(B1-B2)/30
```

आपलं दूध 45 लिटर, म्हणजे महिन्याला 3,150 रुपये तोटा. खरा खर्च लिटरला 35 रुपये 33 पैसे पडतो. याच गोठ्यावर अ‍ॅप साधारण 24 रुपये दाखवतं, म्हणजे लिटरमागे 9 रुपये सुटल्याचा भास होतो. त्या भरवशावर माणूस पाचवी गाय कर्ज काढून आणतो.

तोटा म्हणून लगेच गाई विकायच्या का? घरची मजुरी बाजूला ठेवून बघा. मग 24,000 भागिले 21, रोज साधारण 38 लिटरवर खर्च निघतो. वरचे सात लिटर तुमच्या कष्टाला मिळतात: महिन्याला 4,350 रुपये, 150 तासांना, तासाला 29. हे परवडतं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण आकडा समोर असला पाहिजे.

आता एक मत बदलावं लागलं. हे अ‍ॅप काढून टाका, असंच लिहिणार होतो. पण त्यातली माजाची आठवण खरोखर कामाची आहे. रेतनाची तारीख टाकली की 21 व्या दिवसाच्या आसपास ते सूचना देतं, आणि गाय उलटली असेल तर तेव्हाच कळतं. वरच्या हिशेबात एका गाईचा ठाम खर्च रोज 262 रुपये आहे. एक माज हुकून भाकड काळ 21 दिवसांनी लांबला, तर साडेपाच हजार जातात. त्या दिवसांत गाय आटलेली नसेल आणि वेताच्या शेवटच्या टप्प्यात पाच लिटर देत असेल, तर त्यातले रोज 105 रुपये वसूल होतात, पूर्ण नाही. तेवढ्यापुरतं अ‍ॅप ठेवलं आहे, फुकटच्या आवृत्तीत. नोंदी मात्र वहीतच आणि शीटमध्ये.

वहीत प्रत्येक गाईला एक पान, वर कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी क्रमांक. त्यावर व्यायल्याची, माजाची, रेतनाची, गाभण तपासणीची आणि आटवल्याची तारीख. रेतनापासून साधारण 280 दिवसांनी व्यायची तारीख आणि त्याच्या दोन महिने आधी आटवायची तारीख तेव्हाच लिहून ठेवा. एकूण दूध रोज पावतीवरून लिहा, घरचं वेगळं. गाईवार दूध रोज मोजायचं ठरवलं तर बहुतेकांची वही पंधरवड्यात बंद पडते. दहा दिवसांतून एकदा, बिलाच्या आदल्या दिवशी, सकाळ-संध्याकाळ मोजलं तरी पुरतं.

खुराकाची नोंद मापाने करू नका, पोतं फोडल्याची तारीख लिहा. वरच्या गोठ्याला रोज 6 अधिक 18, असे 24 किलो लागतात. म्हणजे 50 किलोचं पोतं दोन दिवसांहून थोडं जास्त पुरलं पाहिजे, महिन्याला साडेचौदा पोती. सतरा फुटत असतील तर अडीच पोत्यांचे 3,750 रुपये कुठेतरी जास्त जातायत. बहुतेक वेळा डब्यात खोट असते: एक किलोचा समजलेला डबा शीग लावून भरला की सव्वा किलोच्या आसपास जातो, आणि पेंड बदलली की त्याच डब्याचं वजनही बदलतं. नवी पेंड आली की डबा काट्यावर ठेवा.

दर बदलला की शीटमध्ये फक्त B1 बदला. 33 चा 30 झाला तर लिटरमागे 18 च उरतात आणि रोज 50 लिटरच्या जागी 58 लिटर लागतात.