2.38 लाख किलोमीटरची डिझायर टूर : नऊ महिने चालवल्यावर

फेब्रुवारीत नागपूरला वाडीकडच्या एका यार्डात लिलावात घेतली. 2019 ची डिझेल, आधी टॅक्सी. बोली 2.35 लाखांवर थांबली. शेजारीच तेच मॉडेल, तेच साल, पण फक्त 1.15 लाख चाललेलं. सगळी गर्दी तिच्याभोवती. माझे मिस्त्री मात्र मीटरकडे न बघता दोन्ही गाड्यांचं मागचं डावं दार उघडून खालून उचलून बघत होते. टॅक्सीत सवारी याच दाराने चढते-उतरते. कमी चाललेल्या गाडीचं दार बिजागरीत अर्धा इंच वर-खाली हललं, माझं जागचं हललं नाही.

"भाऊ, ही कमी चाललेली शहरात फिरली, तुमची रोडवर," ते म्हणाले.

मग नंबरावरून सर्व्हिसच्या नोंदी काढल्या. माझ्या गाडीची, 2020 चा खंड सोडला तर, दर दोन-अडीच महिन्यांनी दहा हजाराची सर्व्हिस झालेली. मीटर मागे फिरवलं असतं तर तेही इथेच पकडलं गेलं असतं. आता हिशेब करा. हायवेला ताशी सरासरी 50 धरली तर 2.38 लाखाला इंजिन पावणेपाच हजार तास चालतं. शहरात सरासरी 18 धरली तर 1.15 लाखालाच जवळपास चौसष्टशे तास होतात. स्टेशनबाहेर एसी लावून उभ्या गाडीचे तास मीटरवर चढतच नाहीत, पण कॉम्प्रेसर आणि रेडिएटरचा पंखा तेव्हाही झिजतच असतो. ती दुसरी गाडी ओळखीतल्या एकाने माझ्यापेक्षा साठ हजार जास्त देऊन घेतली. मे महिन्यात त्याचे हे दोन्ही गेले. माझा एसी पंचेचाळीस डिग्रीतही टिकला.

पण माझीही फसगत झालीच. यार्डात इंजिन फक्त चालू करून बघू देतात, गाडी फिरवू देत नाहीत. 'जशी आहे तशी' घ्यायची. बोनेट थंड असल्याची खात्री केली, पहिल्या सेल्फला सुरू झाली, धूर नाही, खूश झालो. घरी आणताना साठच्या वर पुढून घूंऽऽ आवाज, उजवीकडे वळवली की वाढायचा. डाव्या चाकाचं बेअरिंग गेलेलं. सोबत खालच्या आर्मचे बुश. एकूण अकरा हजार. हायवेच्या गाडीचं दुखणं उभ्या उभ्या दिसत नाही, एवढं बजेटमध्ये धरून बोली लावायला हवी होती.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं कागदांनी. परमिट सरेंडर, फायनान्सवाल्यांची एनओसी, जुनी चलानं, कराचा फरक, मग पिवळ्याची पांढरी पाटी. सव्वादोन महिने गाडी दारात उभी. बोलीआधी हे सगळं परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बघता येतं. मी चलानं बघायची विसरलो, 4,500 भरले.

आज मीटर 2.52 लाखांवर. अमरावती रोडला 21 चा अॅव्हरेज देते. क्लच आता जरा वर धरतोय, दिवाळीनंतर मिस्त्रींकडे न्यायची आहे.