निपाणीच्या चप्पल कारागिरांचा होलसेल मेल: उन्हाळ्यापासून त्यावर ऑर्डरी दिल्यानंतर

बेळगावात टिळकवाडीला माझं छोटं बुटीक आहे. साड्या, खणाच्या पिशव्या, भेटवस्तू आणि एका रॅकवर कोल्हापुरी चपला. माल देतो म्हणणारे मेल रोज येतात. 'दर्जेदार हस्तकला, वाजवी दर' एवढं लिहून खाली फोन नंबर टाकलेला असतो, ते मी उघडून लगेच बंद करते. बेळगाव जिल्ह्यातल्याच निपाणीजवळच्या एका कारागीर कुटुंबाचा मेल मात्र मी ठेवला आणि 2025 च्या उन्हाळ्यापासून सगळ्या ऑर्डरी त्यावरूनच दिल्या. हा अनुभव त्या मेलचा आहे. चपला चांगल्या आहेत, तो विषय वेगळा.

ठेवला तो विषयाच्या ओळीमुळे: 'हाताने शिवलेली कापशी व पायताण, किमान 24 जोड, 25 दिवसांत'. काय, किती, कधी हे उघडायच्या आधीच कळलं. आत सहा डिझाइनं, प्रत्येकाला नाव, एक फोटो वरून आणि एक बाजूने, म्हणजे तळाची जाडी दिसते. दर दुकानदाराचा, जीएसटी वेगळा. आणि एक ओळ भौगोलिक मानांकनाची, म्हणजे कुठे बनलेल्या चपलेला कोल्हापुरी म्हणता येतं त्याची: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठही जिल्हे त्यात येतात. ती ओळ मी कागदावर छापून रॅकला लावली, कारण 'निपाणीची म्हणजे खरी कोल्हापुरी नव्हे की हो' असं म्हणणारं गिऱ्हाईक आठवड्याला एक तरी येतंच. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने तशाच चपला दाखवल्यावर तर रॅकपुढे उभं राहून वाद घालणारेही वाढले. विकत घेणारे तेवढे वाढले नाहीत, ते सोडा.

खरी गंमत किमान ऑर्डरमध्ये आहे. 24 जोड म्हणजे दोन डिझाइनांचे प्रत्येकी 12, आणि बारांचा सेट ठरलेला. बायकांच्या चपलेत 3 नंबरचा एक जोड, 4 चे दोन, 5 चे तीन, 6 चे तीन, 7 चे दोन, 8 चा एक. पहिल्यांदा वाचताना वाटलं, मला 5, 6, 7 एवढेच द्या ना. तसं का देत नाहीत याचं कारण मेलमध्येच दिलं होतं: तळ कापताना मोठे नंबर आधी निघतात, उरलेल्या तुकड्यात लहान बसतात. फक्त मधले नंबर मागितले तर चामडं वाया जातं आणि तो खर्च दरात येतो. कारण कळलं की घासाघीस करायची इच्छाही कमी होते.

पण दुकानदाराने हिशेब करूनच घ्यावं. समजा जोड 650 ला पडतो आणि 1150 ला विकतो. सेटचे 7800 झाले. बाराही गेले तर 13,800 येतात, 6000 सुटतात. आमच्याकडे 3 आणि 8 नंबर सहज बसून राहतात, 4 मधलाही एखादा राहतो. नऊच गेले तर 10,350 येतात, हातात 2550, आणि तीन जोड रॅकवर. त्यातून भाडं, वीज, दुकानातल्या मुलीचा पगार. म्हणजे सेटचा नफा कोणत्या नंबरात अडकतो हे आधी माहीत हवं.

म्हणून त्या मेलमधली मला सगळ्यात उपयोगी पडलेली ओळ खाली बारीक अक्षरात होती: 'दुसऱ्या ऑर्डरपासून सेट फोडून देऊ, एका डिझाइनचे किमान 6 जोड, जोडामागे 30 रुपये जादा'. पहिली ऑर्डर सेटची, पुढच्या सगळ्या फोडून, असं मी करते. 5, 6 आणि 7 चे दोन-दोन मागवायला 180 रुपये जास्त जातात, पण मृत माल उरत नाही. ही ओळ त्यांनी वर आणावी. नवं दुकान 24 चा आकडा पाहूनच मागे फिरतं.

आता मुदत. 25 दिवस मोजायचे ते आगाऊ अर्धी रक्कम जमा झाल्यापासून, मेल पाठवल्यापासून नव्हे. हे स्पष्ट लिहिलेलं होतं. पुढे असंही होतं: जून ते सप्टेंबर 40 दिवस, गणपतीत पाच दिवस काम बंद. हिरडा-बाभळीत कमावलेलं चामडं पाणी पितं. शिवायच्या आधी ते भिजवून मऊ करतात, शिवल्यावर ते पुरतं वाळावं लागतं. आमच्याकडच्या पावसात वाळत नाही आणि ओलं पॅक केलं तर बुरशी धरते. 'ताई, पावसात चामडं आमचं ऐकत नाही,' असं त्या घरातले काका फोनवर म्हणाले होते.

याचा अर्थ दसरा-दिवाळीच्या मालाचा विचार श्रावणात करायचा. 2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला होता. माल 25 सप्टेंबरला दुकानात हवा. त्यातून 40 दिवस मागे गेलं की 16 ऑगस्ट, गणपतीचे पाच दिवस वजा केले की 11 ऑगस्ट. त्या तारखेला पैसे जमा हवेत. दुसऱ्या एका पुरवठादाराच्या मेलमध्ये बाराही महिने 'तीन आठवडे' असं लिहिलेलं असतं. त्याच्याकडून पावसात आलेल्या पेटीत चपलांच्या वेणीवर पांढरी भुकटी होती. हाताने पुसली जाते, चार दिवसांत परत येते, आणि दोन तळांच्या मधला कुबट वास जात नाही. पेटी उघडल्यावर मी आता आधी नाक लावते, मग पुढचा भाग वाकवून शिवण बघते, मग चपलेच्या कानाजवळ पट्टा ओढून बघते. हाताने शिवलेल्या चपलेत खिळा नसतो, तो दिसला तर प्रश्नच मिटला.

निपाणीच्या मेलमध्येही उणिवा आहेत. नंबर लिहिलेत, पण तळाची लांबी सेंटिमीटरमध्ये नाही, आणि कारागिराचा 6 व शोरूमचा 6 यांत फरक पडतो. नवी कोल्हापुरी मुळात घट्ट असते, मग गिऱ्हाईक एक नंबर मोठी नेतं आणि महिन्याने ढिली झाली म्हणून भांडतं. फोटो स्टुडिओच्या उजेडातले आहेत, प्रत्यक्ष रंग जास्त बदामी येतो आणि वापरून गडद होतो. हे आधी सांगितलेलं बरं. शिवण उसवलेला जोड परत पाठवायचा खर्च कोणाचा, यावर एक अक्षर नाही. मी विचारल्यावर 'आमचा' म्हणाले, पण ते फोनवर. पॅकिंगबद्दलही काही नाही. पहिली पेटी प्लास्टिकच्या पिशव्यांत आली. कागदात गुंडाळा म्हणून सांगावं लागलं. आणि सगळे फोटो एवढे मोठे की मोबाइलवर मेल उघडायला वेळ लागतो.

लांबी, परतीचा खर्च आणि पॅकिंग या तीन ओळी मी लिहून पाठवल्या. पुढच्या यादीत घालतो म्हणालेत. तोवर पावसाळ्यात मी नवं डिझाइन घेत नाही, विकून झालेलंच परत मागवते. नवं बघायचं ते नोव्हेंबरनंतर, तुळशीच्या लग्नानंतर सराईचं गिऱ्हाईक यायला लागतं तेव्हा.